खाजगी टॅबचा स्क्रीनशॉट का निघत नाही?

घरात एकच अँड्रॉइड टॅबलेट आहे आणि त्यातल्या क्रोममध्ये बाबांचे खाते कायमचे उघडे असते. मुलीला एका भरती परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. बाबांच्या खात्यात ढवळाढवळ नको म्हणून ती खाजगी टॅब उघडते, म्हणजे क्रोमच्या भाषेत इन्कॉग्निटो, आणि तिथे स्वतःच्या ईमेलने लॉगिन करते. अर्ज भरून होतो, शुल्क जाते, पावती समोर येते. अर्ज क्रमांक जपून ठेवायचा म्हणून ती पॉवरचे आणि आवाज कमी करायचे बटण एकदम दाबते. नेहमीसारखा फोटो निघण्याऐवजी खाली एक ओळ उमटते: "Can't take screenshot due to security policy". काही टॅबलेटवर शब्द वेगळे असतात. ॲपने किंवा तुमच्या संस्थेने स्क्रीनशॉटला परवानगी दिलेली नाही, अशा अर्थाचे.

पहिला संशय त्या संकेतस्थळावर जातो. पण वेबपानाच्या हातात असा अधिकारच नसतो. उजवे क्लिक अडवणे, मजकूर निवडू न देणे असे उद्योग संकेतस्थळे करतात, मात्र अँड्रॉइडच्या स्क्रीनशॉटला 'नाही' म्हणण्याची सोय साध्या वेबपानाला ब्राउझर देत नाही. दुसरा संशय टॅबलेट बिघडल्याचा. तोही लगेच मिटवता येतो. तीच पावती साध्या टॅबमध्ये उघडून तीच दोन बटणे दाबली की फोटो मुकाट निघतो. टॅबलेट तोच, पान तेच. बदललेली असते फक्त टॅबची जात. हा नकार ब्राउझरचा असतो आणि तो जाणूनबुजून दिलेला असतो.

तो का दिला जातो हे कळण्यासाठी खाजगी टॅब नेमके कुणापासून लपवतो ते आधी पाहावे लागते, कारण याबाबत फार गैरसमज आहेत. क्रोममध्ये ही सोय 2008 पासून, म्हणजे ब्राउझर बाजारात आला तेव्हापासून आहे. नवा इन्कॉग्निटो टॅब उघडला की क्रोम स्वतःच सांगते की हे उपकरण वापरणाऱ्या इतर लोकांना तुमचा वावर दिसणार नाही. आश्वासन एवढेच. भेट दिलेल्या पानांची यादी, कुकीज आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती सगळे खाजगी टॅब बंद केल्यावर उपकरणावर उरत नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचे नेटवर्क किंवा ते संकेतस्थळ यांच्यापासून खाजगी टॅब काही लपवत नाही. तो लपवतो तो घरातल्यांपासून, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यापासून, उद्या हाच टॅबलेट हातात घेणाऱ्यापासून.

आता या आश्वासनासमोर अँड्रॉइडची एक नित्याची सवय ठेवून पाहावी.

अँड्रॉइडमध्ये एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना अलीकडे वापरलेल्या ॲपची कार्डे दिसतात. प्रत्येक कार्डावर त्या ॲपचे छोटे चित्र असते. ही चित्रे पहिल्यांदा ठळकपणे आली ती 2011 च्या अँड्रॉइड 3.0 मध्ये, आणि ती आवृत्ती खास टॅबलेटसाठीच बनवलेली होती. हे चित्र त्या ॲपचा लोगो नसतो, ॲप काही नव्याने रंगवूनही देत नाही. वापरणारा ॲप सोडून बाहेर पडतो त्या क्षणी यंत्रणा पडद्याचा एक फोटो काढून ठेवते. बटण कुणी दाबत नाही, आवाज होत नाही, गॅलरीत काही दिसत नाही. पण तो फोटोच असतो, आणि वापरणाऱ्याने न मागता काढलेला असतो.

फोनच्या अरुंद पडद्यावर हे कार्ड लहान असते. टॅबलेटवर तसे राहत नाही. मोठ्या पडद्यांसाठी 2022 मध्ये अँड्रॉइड 12L आले, तेव्हापासून अनेक टॅबलेटवर अलीकडची ॲप्स एक मोठे कार्ड आणि शेजारी जाळीत मांडलेली छोटी कार्डे अशी दिसतात. दहा-अकरा इंची पडद्यावरचे मोठे कार्ड सहज वाचता येईल इतके मोठे असते. पावतीवरचे नाव, रक्तचाचणीच्या अहवालाचा मथळा, वकिलाला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या दोन ओळी असे काहीही त्यावर वाचता येऊ शकते.

शिवाय हे चित्र नुसते पडद्यावर तरंगत नसते. अलीकडचे अँड्रॉइड ते साठवणीत फाइल म्हणून लिहून ठेवते. टॅबलेट बंद करून पुन्हा चालू केल्यावरही कार्डांवर जुनी चित्रे दिसतात ती त्यामुळेच. यंत्रणेच्या बंदिस्त भागात, `snapshots` नावाच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक कामासाठी एक चित्र राहते. साध्या वापरणाऱ्याला तिथवर पोचता येत नाही. पण जप्त केलेल्या उपकरणांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना ही जागा चांगली ठाऊक आहे.

म्हणजे अर्ज भरणाऱ्या मुलीच्या बाबतीत काय झाले असते ते क्रमाने पाहू. समजा ब्राउझरने काहीच अडवले नसते. पावती पडद्यावर आहे आणि तेवढ्यात ओटीपी पाहायला ती मेसेजच्या ॲपमध्ये जाते. त्या क्षणी यंत्रणा पावतीचे चित्र काढते आणि फाइल लिहिते. तिचे काम संपते, टॅबलेट टेबलावर राहतो. संध्याकाळी धाकटा भाऊ गेम शोधायला कार्डे सरकवतो आणि बहिणीने कुठल्या परीक्षेचा अर्ज भरला ते त्याला न विचारता कळते. परीक्षेच्या अर्जाचे काही बिघडत नाही. पण त्याच जागी घरगुती हिंसाचाराविरुद्ध मदत देणाऱ्या संस्थेचे पान असते, गर्भधारणेविषयीचा शोध असतो किंवा नोकरी बदलण्यासाठी पाठवलेला अर्ज असतो, तर त्या एका कार्डाची किंमत फार मोठी झाली असती. कुकीज पुसणारा, भेटींची यादी न ठेवणारा ब्राउझर अशा कार्डाने उघडा पडला असता.

क्रोमचा स्रोत बहुतांशी सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे. त्यात स्क्रीनशॉट अडवणारा जो भाग आहे, त्याच्या वरच्या टिपणीत हेतू सरळ लिहिलेला आहे: इन्कॉग्निटो टॅब अँड्रॉइडच्या अलीकडच्या ॲपमध्ये दिसू नयेत यासाठी हा नियंत्रक. तिथे वापरणाऱ्याने स्वतः काढायच्या स्क्रीनशॉटचा उल्लेखही नाही. मुळात थांबवायचे होते ते न मागता निघणारे चित्र. हाताने काढायचा फोटो त्याच्यासोबत अडकला.

अडकला कसा, याचे उत्तर अँड्रॉइडच्या एका जुन्या चिन्हात आहे. त्याचे नाव `FLAG_SECURE`. ॲप बनवणारा आपल्या खिडकीवर हे चिन्ह लावतो तेव्हा तो यंत्रणेला सांगतो की या खिडकीतला मजकूर जपायचा आहे. लिहायला ते एवढेच लागते:

```
getWindow().addFlags(
    WindowManager.LayoutParams.FLAG_SECURE);
```

अँड्रॉइडचा पडदा एकावर एक ठेवलेल्या काचेच्या तावदानांसारखा असतो. वरची बॅटरी-घड्याळाची पट्टी एका तावदानावर, ब्राउझर दुसऱ्यावर, कीबोर्ड तिसऱ्यावर. ही सगळी एकत्र करून अंतिम चित्र बनवण्याचे काम यंत्रणेतला एक वेगळा घटक करतो. तावदानावर ते चिन्ह असेल तर डोळ्यांसमोरच्या पडद्यावर ते जसेच्या तसे दाखवले जाते. मात्र त्याची नक्कल दुसरीकडे कुठे जाणार असेल तर एकतर ती नक्कलच नाकारली जाते, नाहीतर त्या जागी काळा चौकोन भरला जातो.

नक्कल जाण्याच्या वाटा मात्र बऱ्याच आहेत, आणि हे चिन्ह त्या सगळ्या एकदम बंद करते. दोन बटणे दाबून काढलेला स्क्रीनशॉट ही त्यातली एक वाट. पडद्याचा व्हिडिओ काढणारे ॲप ही दुसरी. व्हिडिओ कॉलमध्ये पडदा सगळ्यांना दाखवणे ही तिसरी. टॅबलेटचा पडदा बिनतारी पद्धतीने टीव्हीवर टाकणे ही आणखी एक. आणि अलीकडच्या ॲपच्या कार्डावरचे चित्र हीसुद्धा तीच वाट. चिन्ह लावलेले असेल तर अँड्रॉइड कार्डावर खऱ्या चित्राऐवजी ॲपच्या रंगाचा कोरा आयत ठेवते. क्रोममध्ये खाजगी टॅब उघडा ठेवून कार्डे पाहिली तर हा कोरेपणा लगेच दिसतो. आपल्या ब्राउझरने हे चिन्ह लावले आहे की नाही ते ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण तीच.

टॅबलेटवर दोन ॲप शेजारी-शेजारी उघडता येतात, तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. डावीकडे खाजगी टॅब आणि उजवीकडे टिपणवही असेल, आणि टिपणाचाच फोटो हवा असेल, तरी काही आवृत्त्यांत अख्खा स्क्रीनशॉट नाकारला जातो. काहींत उजवी बाजू नीट येते आणि डावी काळी येते. यात टिपणवहीचा काही दोष नसतो. अशा वेळी ब्राउझरचा भाग साध्या टॅबवर नेला की चिन्ह निघते आणि तीच बटणे काम करू लागतात. क्रोममध्ये खाजगी टॅब बंद करायचीही गरज पडत नाही, नुसते साध्या टॅबकडे वळले तरी पुरते.

बँकांची अनेक ॲप्स हेच चिन्ह लावतात आणि आपल्याकडे त्याचे महत्त्व वेगळ्याच कारणाने लोकांच्या लक्षात आले. 2019 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले होते. ग्राहकाला फोन करायचा, पडदा दुरून दाखवणारे ॲप त्याला घ्यायला लावायचे आणि त्यातून खात्यातले पैसे काढायचे, अशी फसवणूक तेव्हा वाढली होती. असे ॲप स्वतः बेकायदेशीर नसते. ऑफिसातली दुरुस्तीची कामे त्यावर रोज होतात. पण त्यातून पडद्याची नक्कल समोरच्याकडे जाते, आणि चिन्ह लावलेली खिडकी त्या नक्कलेत काळी दिसते. खाजगी टॅबलाही हे संरक्षण आपोआप मिळते. हॉलमधल्या टीव्हीवर मुलांना गोष्टीचा व्हिडिओ दाखवताना टॅबलेटवर चुकून खाजगी टॅब पुढे आला तर टीव्हीवर काळा भाग दिसतो, पान दिसत नाही.

तरीही प्रश्न राहतोच. स्वतःच्या उपकरणावर, स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या पावतीचा फोटो काढणाऱ्याला का अडवायचे? त्याने तर दोन बटणे दाबून आपली इच्छा स्पष्ट सांगितलेली असते.

याचे निम्मे उत्तर तांत्रिक आहे. अनेक वर्षे अँड्रॉइडमध्ये यासाठी हे एकच चिन्ह होते. कार्डावरचे चित्र लपवायचे तर स्क्रीनशॉटही बंद होणार, वेगळी निवड नव्हती. उरलेले निम्मे उत्तर स्क्रीनशॉट काढल्यावर त्याचे पुढे काय होते त्यात आहे. टॅब बंद झाला की त्याच्या कुकीज जातात, फोटो मात्र गॅलरीत राहतो. गॅलरीचा बॅकअप क्लाउडवर चालू असेल तर तो तिथे जातो, आणि घरातल्या सगळ्यांचे टॅबलेट एकाच खात्यावर असतील तर सगळ्यांच्या गॅलरीत उगवतो. फोटो पाहण्याची परवानगी ज्या ज्या ॲपला दिलेली असते त्या प्रत्येकाला तो दिसू शकतो. ही भीती हवेतली नाही. 2025 च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाच्या घातक सॉफ्टवेअरची माहिती उघड केली. ते गुगलच्या आणि ॲपलच्याही अधिकृत दुकानातल्या काही ॲपमध्ये सापडले होते. गॅलरीची परवानगी मिळाली की ते फोटोंमधला मजकूर यंत्राने वाचत असे आणि आभासी चलनाच्या पाकिटांचे परवलीचे शब्द ज्या स्क्रीनशॉटमध्ये असतील ते शोधून बाहेर पाठवत असे. लोकांनी ते स्क्रीनशॉट स्वतःच, सोयीसाठी काढून ठेवलेले होते.

असे असले तरी हे कारण पुरेसे नाही, असे या लेखाचे मत आहे. आपल्या फोटोचे काय करायचे ते माणसाने ठरवावे. न मागता निघणारे चित्र अडवणे हे ब्राउझरचे कर्तव्य आहे, कारण ते चित्र निघते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. मागून काढलेल्या फोटोबाबत ब्राउझरने सावध करावे आणि बाजूला व्हावे.

हे शक्य आहे, हे आयपॅडवर दिसते. ॲपलच्या यंत्रणेत ॲपला स्क्रीनशॉट सरसकट बंद करण्याची अशी साधी सोय नाही. त्यामुळे आयपॅडवरच्या क्रोममध्ये इन्कॉग्निटो टॅबचा स्क्रीनशॉट निघतो. पण ॲप मागे जाताना क्रोम खाजगी पानावर एक पडदा ओढते आणि कार्डावर तो पडदा दिसतो, पान दिसत नाही. लॅपटॉपवर तर कुठल्याही ब्राउझरच्या खाजगी खिडकीचा स्क्रीनशॉट सहसा काढता येतो. तीच कंपनी, तेच नाव, तीच सोय, आणि तीन यंत्रणांवर दोन वेगळे अनुभव. त्यामुळे ऑफिसच्या संगणकावर खाजगी खिडकीचे फोटो वर्षानुवर्षे काढणारा माणूस घरच्या अँड्रॉइड टॅबलेटवर गोंधळतो यात नवल नाही.

अँड्रॉइडवर मोकळीक देण्याचा सगळ्यात सरळ मार्ग फायरफॉक्सने ठेवला आहे. सेटिंग्जमध्ये खाजगी ब्राउझिंगच्या विभागात "Allow screenshots in private browsing" असे बटण असते. ते मुळात बंद असते. त्याच्याखालीच सांगितलेले असते की हे चालू केले तर अनेक ॲप्स उघडी असताना खाजगी टॅबही दिसतील. एका ओळीत सौदा मांडला आहे: फोटो काढता येईल, पण कार्डावर चित्रही येईल. बटण चालू करणाऱ्याला आपण काय देतो आणि काय घेतो ते कळते. हा प्रामाणिकपणा इतर ब्राउझरांनीही उचलायला हवा.

क्रोममध्ये प्रयोगांच्या पानावर, म्हणजे पत्त्याच्या जागी `chrome://flags` लिहिल्यावर, `#incognito-screenshot` नावाची नोंद अनेक आवृत्त्यांत सापडते. तिच्या वर्णनातही इन्कॉग्निटोची छोटी चित्रे दिसू लागतील असा इशारा आहे. पण हे पान प्रयोगांचे आहे. इथली नोंद पुढच्या आवृत्तीत नाहीशी होऊ शकते किंवा तिचे वागणे बदलू शकते. शिवाय बदल लागू व्हायला क्रोम बंद करून पुन्हा सुरू करावे लागते, आणि ज्या पावतीसाठी हा खटाटोप केला तीच पुन्हा उघडेल याची खात्री नसते. समोर पावती असताना हा उपाय करू नये. करायचाच असेल तर आधी, निवांतपणे करावा, आणि काम झाल्यावर नोंद पूर्ववत करावी.

2022 मध्ये अँड्रॉइड 13 ने हा गुंता मुळातून सोडवण्याची वाट करून दिली. त्यात ॲपसाठी `setRecentsScreenshotEnabled` ही नवी सूचना आली. ती देऊन ॲप यंत्रणेला सांगू शकते की अलीकडच्या कार्डासाठी माझे चित्र काढू नकोस. ही सूचना फक्त कार्डापुरती आहे. तिने स्क्रीनशॉटची बटणे अडत नाहीत. जे दोन विषय इतकी वर्षे एका चिन्हाला बांधलेले होते ते इथे सुटे झाले. पण जुन्या अँड्रॉइडवरचे टॅबलेट घराघरांत अजून वापरात आहेत. फोन दोन-तीन वर्षांत बदलला जातो, टॅबलेट मात्र चालतो तोवर चालवला जातो, आणि अनेक टॅबलेटना नवी आवृत्ती कधी येतच नाही. अशा उपकरणांवर ब्राउझरला जुनेच चिन्ह लावण्याशिवाय इलाज नसतो. आणि नव्या सूचनेने टीव्हीवर जाणारी किंवा व्हिडिओ कॉलमध्ये दिसणारी नक्कल थांबत नाही. तिथे जुन्या चिन्हाचेच काम असते.

या चिन्हाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. समोर धरलेल्या दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याला ते अडवू शकत नाही. अपंगांच्या मदतीसाठी असलेली ॲक्सेसिबिलिटीची परवानगी एखाद्या ॲपला दिलेली असेल, तर ते ॲप चित्र न काढताच पडद्यावरचा मजकूर वाचू शकते. पडदा वाचून दाखवणाऱ्या ॲपसाठी ही परवानगी अत्यावश्यक आहे, आणि घातक ॲप्स तिच्याच मागे लागलेली असतात. खाजगी टॅबमधून उतरवलेली फाइलसुद्धा टॅब बंद केल्यावर पुसली जात नाही. ती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. कोरे कार्ड पाहून सगळेच झाकले गेले असे समजणे चुकीचे ठरते.

समजाच्या आणि वास्तवाच्या मधली ही दरी अमेरिकेत कोर्टापर्यंत गेली होती. इन्कॉग्निटोमध्ये असतानाही गुगल माहिती गोळा करते, अशी तक्रार करणारा सामूहिक दावा तिथे 2020 मध्ये दाखल झाला. 2024 मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीनुसार गुगलने खाजगी ब्राउझिंगमधून जमलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे आणि इन्कॉग्निटोच्या मर्यादा अधिक स्पष्ट लिहिण्याचे मान्य केले. स्क्रीनशॉटचा त्या दाव्याशी संबंध नव्हता. पण पडदा कुणापुढे ओढलेला आहे आणि कुणापुढे नाही, हे लोकांना नीट सांगितलेले नसते, ही अडचण दोन्हीकडे एकच.

घरातल्यांपासूनच जपायचे असेल तर अँड्रॉइडवर आणखी दोन चांगल्या सोयी आहेत आणि त्या फारशा वापरल्या जात नाहीत. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षेच्या विभागात, क्रोम सोडल्यावर इन्कॉग्निटो टॅबना कुलूप लावण्याची सोय आहे. 2023 च्या सुरुवातीला ती अँड्रॉइडवर सगळ्यांसाठी येऊ लागली. परत येणाऱ्याला बोटाचा ठसा किंवा पिन द्यावा लागतो. दुसरी सोय टॅबलेटवर 2012 च्या अँड्रॉइड 4.2 पासून आहे: एकाच टॅबलेटवर प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ता. मग प्रत्येकाचे ब्राउझर वेगळे, गॅलरी वेगळी, कार्डेही वेगळी. काही कंपन्या आपल्या टॅबलेटवर ही सोय काढून टाकतात, म्हणून ती आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहून घ्यावे. अर्ज भरणाऱ्या मुलीच्या नावाचा वेगळा वापरकर्ता त्या टॅबलेटवर असता तर तिला खाजगी टॅब उघडावाच लागला नसता, आणि पावतीचा स्क्रीनशॉट साध्या टॅबमधून निघून फक्त तिच्या गॅलरीत गेला असता.

ते नसेल आणि पावती खाजगी टॅबमध्येच समोर असेल, तर पानावर पीडीएफ उतरवायचे बटण आहे का ते आधी पाहावे. बहुतेक सरकारी आणि परीक्षांच्या अर्जांना ते असते, आणि फोटोपेक्षा ती प्रत पुढे जास्त उपयोगी पडते. नसेल तर अर्ज क्रमांक निवडून, कॉपी करून स्वतःला ईमेल करावा. चिन्ह चित्र अडवते, मजकूर कॉपी करणे अडवत नाही. काम झाल्यावर सगळे खाजगी टॅब बंद करावेत, आणि पीडीएफ उतरवली असेल तर ती हलवून डाउनलोडच्या फोल्डरमधून पुसून टाकावी.

स्क्रीनशॉट अडण्याची इतरही कारणे असतात आणि ती खाजगी टॅबशी मिसळू नयेत. साध्या टॅबमध्ये बाकी पान नीट येते, पण चित्रपटाची चौकट तेवढी काळी येते, तर तो त्या व्हिडिओच्या नक्कलबंदीचा परिणाम असतो. तो ब्राउझरच्या कुठल्याही बटणाने जात नाही. आणि टॅबलेट शाळेने किंवा ऑफिसने दिलेला असेल, साध्या टॅबमध्येही, गॅलरीतही, सगळीकडेच स्क्रीनशॉट नाकारला जात असेल, तर बंदी उपकरण सांभाळणाऱ्या संस्थेने लावलेली असते. अँड्रॉइड 5.0 पासून संस्थांना तसा अधिकार आहे. तिथे फायरफॉक्सचे बटण शोधण्यात वेळ घालवू नये. ज्या विभागाने तो टॅबलेट दिला त्यांनाच विचारावे लागते.